इंदूरची धूळ, परागकण आणि लेन्स: डोळ्यांची खाज नक्की कशाची?

मृण्मयी_सुदामानगर
नमस्कार मंडळी. मी महिन्याच्या सॉफ्ट लेन्स वापरते, दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीनच्या आसपास नंबर. घर सुदामानगरला, ऑफिस सुपर कॉरिडॉरवर, जाणं-येणं स्कूटरवर. फेब्रुवारीच्या मध्यापासून दोन्ही डोळ्यांना खाज सुटलीय. वाटेत मेट्रोचं काम, खोदलेले रस्ते, त्यात पानगळ, त्यामुळे धूळ भरपूर. पण एक विचित्र गोष्ट आहे. संध्याकाळी लेन्स काढल्यावर बरं वाटायला हवं, तर खाज उलट वाढते. सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरट, तारेसारखी ओढली जाणारी चिपडं असतात. उजवी लेन्स अधूनमधून वर सरकते. रविवारी चष्मा असतो तेव्हाही खाज असते, पण कमी.

मेडिकलमधून थेंब आणले, ते लेन्सवरूनच टाकते. दोनेक तास बरं वाटतं. हे धुळीचं आहे की परागकणांचं? आणि लेन्स पूर्ण बंद कराव्या लागतील का?

बापूसाहेब_रामबाग
बेटा, रोज संध्याकाळी घरी आल्यावर डोळे उघडे ठेवून नळाच्या पाण्याचे दहा-बारा हबके मारायचे, मग गुलाबपाण्याचे दोन-दोन थेंब. नर्मदेचं पाणी स्वच्छ आहे, काही होत नाही. आमच्या घरात सगळे हेच करतात. आणि डोळे चोळायचे नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं.

निनाद
लेन्सचं मटेरियल कोणतं आहे? साधी हायड्रोजेल असेल तर सिलिकॉन हायड्रोजेल घे. ऑक्सिजन कितीतरी पटीने जास्त पोचतो, डोळा लाल होत नाही, खाजही जाते. आता सगळे तेच देतात.

वसुधा_ऑप्टो
मृण्मयी, तुमच्या वर्णनातच बरंचसं उत्तर आहे. लेन्सवाल्यांनी खाजेपेक्षा तिच्या वेळेकडे नीट पाहावं.

लेन्स घातल्याबरोबर पहिल्या पाच-दहा मिनिटांत टोचतं, पाणी येतं, तेव्हा लेन्सवर कण चिकटलेला असतो, कड फाटलेली असते किंवा सोल्यूशन सोसत नसतं. सकाळी ठीक असतं आणि दुपारी तीन-चारनंतर चुरचुर वाढत जाते, तेव्हा कोरडेपणा असतो, एसी, कूलर आणि स्क्रीनसमोर पापणी कमी लवल्याने होणारा. लेन्स नसतानाही, सुट्टीच्या दिवशीही, दोन्ही डोळ्यांना खाज आणि जोडीला शिंका, तर ऋतूची ॲलर्जी. आणि लेन्स काढल्यावर खाज वाढते, सकाळी तारेसारखी चिपडं येतात, लेन्स वर ओढली जाते, तेव्हा वरच्या पापणीची आतली बाजू बिघडायला लागलेली असते. पापणी दिवसभरात हजारो वेळा लेन्सवरून घासते. लेन्सवर प्रथिनांचा थर आणि त्यात अडकलेले परागकण असतील तर पापणीच्या आतल्या त्वचेवर बारीक दाणे उठतात. लेन्स असेपर्यंत तिचा गुळगुळीत पृष्ठभाग मध्ये असतो, ती काढली की दाणे थेट बुबुळावर घासतात. म्हणून काढल्यावर खाज वाढते.

तुम्हाला ऋतूची ॲलर्जी आणि पापणीचे दाणे असं दोन्ही असण्याची शक्यता जास्त वाटते. पण दाणे पापणी उलटून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. हे काम दोन मिनिटांचं आहे, दुखत नाही, डोळ्यांच्या कोणत्याही दवाखान्यात करतात. तपासणीला जाताना मुद्दाम सांगा, ‘वरची पापणी उलटून बघा’. नुसता नंबर तपासून परत येऊ नका.

तीन गोष्टी विचारते. सध्याच्या लेन्सचं सीलबंद पाकीट कधी उघडलं? लेन्स बोटांनी चोळून धुता की नुसत्या सोल्यूशनमध्ये टाकता? आणि थेंबांच्या बाटलीवर औषधाचं नाव काय आहे? कंपनीचं नाव नको, खाली बारीक अक्षरात असतं ते घटकाचं नाव.

वसुधा_ऑप्टो
बापूसाहेब, चोळू नका हे तुमचं अगदी बरोबर. चोळल्याने ॲलर्जीच्या पेशी फुटून खाज आणणारं रसायन आणखी बाहेर पडतं, आणि वर्षानुवर्षं चोळत राहिल्यास बुबुळाचा आकार टोकदार होण्याचा धोका वाढतो. पण लेन्सवाल्यांना नळाच्या पाण्याचे हबके सांगू नका. प्रश्न पाणी गढूळ की स्वच्छ असा नाही. पिण्यालायक पाण्यातही अकांथअमीबा नावाचा जीव असू शकतो, पोटात गेला तर काही करत नाही, पण लेन्सखाली अडकला की बुबुळात घुसतो आणि त्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. लेन्स काढून, डबीत ठेवून, मग डोळे मिटून तोंड आणि पापण्या धुवायला हरकत नाही. गुलाबपाणी निर्जंतुक नसतं, ते डोळ्यांत नको.

निनाद, सिलिकॉन हायड्रोजेलने ऑक्सिजन जास्त पोचतो हे खरं, आणि ऑक्सिजन कमी पडल्याने येणारा लालपणा त्याने कमी होतो. खाजेचं कारण मात्र ऑक्सिजन नाही. त्यातल्या काही लेन्स थोड्या कडक असतात आणि त्यांवर स्निग्ध थर जास्त बसतो, त्यामुळे पापणीचे दाणे असलेल्यांना त्या जास्तही खुपू शकतात. इथे मटेरियलपेक्षा लेन्स किती जुनी आहे याला महत्त्व आहे.

मृण्मयी_सुदामानगर
लेन्स संक्रांतीच्या आठवड्यात उघडल्या. पण फक्त ऑफिसच्या दिवशी घालते, म्हणजे तीस वेळा नुकत्याच होत आल्या असतील. सोल्यूशनच्या बाटलीवर ‘नो रब’ लिहिलंय, म्हणून चोळत नाही. थेंबांवर क्लोरॅम्फेनिकॉल आणि डेक्सामेथासोन असं आहे.

मेडिकलवाला_दादा
मध्येच बोलतो, कारण थेंबांचा विषय माझा आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे आणि त्यासोबतचं ॲंटिबायोटिक. डोळा लाल म्हटला की बऱ्याच दुकानांतून हेच हातात पडतं, डॉक्टरांची चिठ्ठी न बघता. लगेच बरं वाटतं, कारण स्टेरॉइड सूज दाबतं. पण डोळ्याला बुरशीचा किंवा हर्पीसचा संसर्ग असेल तर आतल्या आत तो पसरतो, आणि बाहेरून डोळा बरा दिसत राहतो. काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर काही आठवड्यांतच वाढतं आणि त्याचं दुखणं जाणवत नाही. जास्त काळ टाकलं तर मोतीबिंदूही होतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा डायफ्लुप्रेडनेट यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड. डॉक्टरांनी मोजून दिलं तर उत्तम औषध आहे, आपल्या मनाने नाही. मृण्मयीताई, किती दिवस टाकताय ते तपासणीत नक्की सांगा, प्रेशर मोजून घेतील. सलग बरेच दिवस टाकत असाल तर आजच फोन करून विचारा की एकदम थांबवायचं की कमी करत न्यायचं.

आणखी एक. ‘डोळे पांढरे करणारे’ म्हणून नाफाझोलीनचे थेंब मिळतात. ते रक्तवाहिन्या आवळतात. असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल, मग परत थेंब, असं चक्र लागतं. खाजेवर त्याचा उपयोग फारसा नाही.

ऋतूच्या खाजेवर डॉक्टर बहुतेकदा ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेन देतात. ओलोपॅटाडीन दोन ताकदीत येतं, ०.१ टक्का दिवसातून दोनदा आणि ०.२ टक्के एकदा. त्यामुळे शेजाऱ्याची मात्रा पाहून टाकू नका, बाटलीवरचा आकडा बघा. केटोटिफेन ०.०२५ टक्के, दिवसातून दोनदा. क्रोमोग्लिकेट जुनं आणि सौम्य आहे, पण दिवसातून चारदा टाकावं लागतं आणि असर यायला एक-दोन आठवडे जातात, म्हणून खाज पेटल्यावर सुरू केलं की लोक ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडून देतात.

आता मुख्य गोष्ट. हे थेंब लेन्सवरून टाकायचे नाहीत. बहुतेक बाटल्यांत बेंझालकोनियम क्लोराइड नावाचं परिरक्षक असतं. सॉफ्ट लेन्स ते शोषते आणि दिवसभर हळूहळू बुबुळावर सोडत राहते. म्हणून आधी थेंब, मग निदान दहा मिनिटं थांबायचं, मग लेन्स. मी पंधरा मिनिटं सांगतो, कारण सकाळच्या घाईत दहाची पाच होतात. दोन वेळा टाकायचे असतील तर दुसरी वेळ संध्याकाळी लेन्स काढल्यानंतर. आणि डोळा लाल असेल त्या दिवशी लेन्स घालायचीच नाही, थेंब टाकले असले तरी.

सईची_आई
धागा वाचून विचारते. माझा धाकटा अकरा वर्षांचा आहे, तोही उन्हाळा आला की सारखे डोळे चोळतो, प्रकाश सहन होत नाही, चिकट चिपडं येतात. त्यालाही ओलोपॅटाडीन टाकू का? लेन्स नाहीत त्याला, चष्माही नाही.

मेडिकलवाला_दादा
ताई, मुलाचं प्रकरण वेगळं आहे. त्या वयात, विशेषतः मुलग्यांना आणि उष्ण हवेत, ॲलर्जीचा एक जोरकस प्रकार होतो आणि तो बुबुळावर परिणाम करू शकतो. प्रकाश सहन होत नाही म्हणालात ना, म्हणून नेत्रतज्ज्ञांनाच दाखवा, थांबू नका. घरी चिठ्ठीशिवाय कोणतेच थेंब सुरू करू नका, खासकरून स्टेरॉइडचे.

वसुधा_ऑप्टो
सईच्या आईंना दादांनी दिलेलं उत्तर योग्य आहे.

मृण्मयी, आता तुमच्या लेन्सकडे. महिन्याची लेन्स म्हणजे सीलबंद पाकीट उघडल्यापासून एक महिना. तीस वेळा घालणं असा त्याचा अर्थ नाही. पाकीट उघडलं की लेन्स सोल्यूशनमध्ये पडून असली तरी जुनी होत जाते, आणि आदल्या दिवशी बसलेला थर तसाच राहतो. तुमच्या लेन्स दोन महिने होत आलेल्या, चोळून न धुतलेल्या, वर धुळीचा आणि परागकणांचा मोसम, आणि लेन्सने शोषलेले परिरक्षक घातलेले थेंब. या चारही गोष्टींची गाठ पापणीपाशी पडते.

‘नो रब’ बाटलीवर असलं तरी चोळणं सोडू नका. नुसतं भिजवून प्रथिनांचा थर आणि त्यात रुतलेले परागकण निघत नाहीत. हात साबणाने धुवा, सुगंधी किंवा क्रीमवाला साबण नको, आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा, नाहीतर नळाचं पाणी बोटांवरून लेन्सवर जातं. लेन्स तळहातावर घ्या, तीन-चार थेंब सोल्यूशन टाका, तर्जनीच्या मऊ भागाने मधून कडेकडे दहा सेकंद चोळा, उलटी करून पुन्हा दहा. मग धार सोडून दोन्ही बाजू धुवा, पाच-पाच सेकंद. गोल फिरवून चोळू नका, कड दुमडून फाटते. मग डबीत ताजं सोल्यूशन, काठापर्यंत, आणि बाटलीवर सांगितलेला वेळ भिजत ठेवा, साधारण चार ते सहा तास. कालच्या सोल्यूशनमध्ये वरून थोडं घालणं म्हणजे मेलेल्या जंतुनाशकात ताजं मिसळून त्याची ताकद कमी करणं.

सकाळी डबी रिकामी करून सोल्यूशननेच धुवा, पाण्याने नाही, टिश्यूने पुसून उलटी ठेवा. डबी दर तीन महिन्यांनी बदला. इंदूरमध्ये एप्रिल-मेची लू लागते तेव्हा डबी खिडकीत किंवा गॅलरीत वाळवू नका, त्यात तीच धूळ बसते.

निनाद
‘मेलेलं जंतुनाशक’ हे जरा ताणलेलं वाटतं. आणि धूळ आणि परागकण यांत तुम्ही इतका फरक का करताय? डोळ्याला तर दोन्ही कणच आहेत.

वसुधा_ऑप्टो
फरक उपायात पडतो, म्हणून करते. रस्त्याची धूळ म्हणजे माती, सिमेंट, टायरचा चुरा. ती डोळ्याला टोचते, सलते, पाणी आणते, चुरचुरते. ती धुऊन निघाली की त्रास थांबतो, त्यावर खाजेचं औषध फारसं काम करत नाही. परागकण शरीराला शत्रू वाटतात, म्हणून ते गेल्यावरही तासन्‌तास खाज राहते, आणि धुऊन भागत नाही. धुरातले, गाड्यांच्या धुरातले बारीक कण दोन्हीच्या मध्ये बसतात. ते स्वतः ॲलर्जी निर्माण करत नसले तरी डोळ्यावरचा ओलावा बिघडवून ती वाढवतात. सलतंय की खाजतंय, एवढं दोन दिवस नोंदवून ठेवलंत तरी तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं.

मोसमाबद्दल. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे वावळाचा हंगाम असतो. पानं गळून फांद्या ओक्याबोक्या असताना त्याला बारीक फुलं येतात, आणि परागकण वाऱ्याने उडतात. मग मार्च-एप्रिलमध्ये गोल, कागदासारख्या चपट्या बिया रस्त्यावर पडायला लागतात. लोक त्या बियांना दोष देतात, पण त्या दिसायला लागेपर्यंत त्या झाडाचा परागकाळ बहुतेक संपत आलेला असतो. तसंच पळस-काटेसावरीचं. त्यांची ठळक फुलं पक्षी-कीटकांसाठी असतात, वाऱ्याने फारसे पराग उडवत नाहीत. काटेसावरीचा कापूस डोळ्यांत गेला तर टोचेल, पण ॲलर्जी त्याची नसते. वावळ संपत आला की शेतांकडून गव्हाच्या मळणीची धूळ येते, पुढे नरवाई जाळल्याचा धूर. पावसाळ्यानंतर गवत आणि गाजरगवत.

चिन्मय_पीथमपूर
माझी कडक लेन्स आहे, बुबुळाचा आकार टोकदार असल्याने. बाईकवर पीथमपूरला जाताना एक कण लेन्सखाली गेला की असह्य होतं, गाडी थांबवावी लागते. तुमच्या सॉफ्टवाल्यांना असं होत नाही का?

वसुधा_ऑप्टो
होतं, पण कमी. सॉफ्ट लेन्स बुबुळापेक्षा मोठी असून कडेला चिकटून बसते, कण आत शिरायला वाव कमी. कडक लेन्स लहान असते आणि पापणी लवली की हलते, कडेखालून कण सरळ आत जातो. त्यामुळे तुम्ही गाडी चालवताना लेन्सवरून बाजूंनी बंद असलेला, रॅपअराउंड, नंबर नसलेला चष्मा घालायलाच हवा. नुसत्या हेल्मेटच्या काचेखालून वारा वर येतो आणि कण नेमके डोळ्यांत जातात. थांबल्यावर लेन्स काढा, निर्जंतुक सलाइनने धुवा, तेवढंच. थुंकीने ओली करून घालणं, हे मी सांगायची गरज पडू नये, पण लोक करतात. परत परत होत असेल तर लेन्स ढिली बसतेय का ते तपासून घ्या. तुमच्या लेन्सचं बसणं इथून सांगता येणार नाही.

सॉफ्टवाल्यांनीही दुचाकीवर तेच करावं. बंद कडांचा चष्मा मोठी धूळ बरीच अडवतो, धुरातले बारीक कण नाही. लेन्सवरून चालणारे थेंब फक्त दोन प्रकारचे, ज्यावर ‘कॉन्टॅक्ट लेन्ससाठी’ असं लिहिलेलं असतं ते, किंवा परिरक्षकविरहित एकदा वापरायच्या बारीक कुप्यांतले कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज. कुपी उघडली की तेवढ्यापुरतीच वापरा, उरलेली फेकून द्या, पर्समध्ये ठेवू नका. ऑफिसला पोचल्यावर हात धुऊन प्रत्येक डोळ्यात एक थेंब, दहा वेळा पापण्या लववा. सल गेली तर छान, नाही गेली तर लेन्स काढा. सलत असताना दिवस काढणं म्हणजे बुबुळाचा वरचा थर खरडणं, आणि जंतू शिरायला वाट तयार.

बापूसाहेब_रामबाग
हे पटलं. मग गेरला काय? राजवाड्यावर रंगपंचमीला तोंडावर गुलालाचे फवारे येतात, यंत्राने उडवतात. आमच्या नातवालाही लेन्स आहेत, त्याला यंदा जायचंय.

वसुधा_ऑप्टो
गेरला लेन्स नकोच, जुना चष्मा चालेल. गुलाल सॉफ्ट लेन्समध्ये आणि तिच्याखाली अडकतो, आणि रंगात काय काय असतं हे कोणी सांगू शकत नाही. डोळ्यांभोवती तेल लावून लेन्स घालणंही नको, तेल लेन्सवर पसरतं आणि दिसणं धूसर होतं.

लेन्स असताना रंग गेलाच तर आधी लेन्स काढून फेकून द्या, परत घालू नका. मग डोळा उघडा ठेवून भरपूर पाण्याने धुवा, चांगली पंधरा मिनिटं. इथे नळाचं पाणी चालतं, कारण लेन्स नाही आणि रसायन लवकर बाहेर काढणं जास्त गरजेचं आहे. त्यानंतरही दुखत असेल तर दवाखान्यात.

मेडिकलवाला_दादा
आणि या यादीत कोणी खाज समजून वेळ घालवू नये: एकाच डोळ्यात दुखणं, प्रकाश सहन न होणं, नजर धूसर, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका. खाज बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत असते. एक डोळा लाल आणि दुखतोय, लेन्स वापरता, तर तो बुबुळाचा संसर्ग समजून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली फेकू नका, सोबत न्या, त्यातून जंतू शोधता येतो. मळणीचा मोसम आहे, डोळ्यांत भुसा किंवा काडी लागल्यावर होणारा बुरशीचा संसर्ग आपल्या भागात नवा नाही, आणि त्यात स्टेरॉइडचा थेंब पडला तर डोळा जायची वेळ येते.

निनाद
पेरॉक्साइडचं सोल्यूशन राहिलं. त्याने परिरक्षकाचा प्रश्नच संपतो.

वसुधा_ऑप्टो
बरोबर सांगितलंत. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लेन्स खोलवर साफ करतं, आणि त्यात परिरक्षक नसतं, म्हणून ज्यांना साधं सोल्यूशन झोंबतं त्यांना उपयोगी. पण त्याची डबी वेगळी असते, तळाशी प्लॅटिनमचा थर दिलेली चकती असते, ती पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करते. पूर्ण सहा तास लागतात. ते साध्या डबीत घातलं, किंवा सहा तासांआधी लेन्स काढून घातली, तर डोळा भाजतो, अश्रू थांबत नाहीत. झोपाळलेल्या हातांनी चुकून थेट डोळ्यात टाकणारेही असतात. वेगळ्या रंगाचं झाकण असतं ते याचसाठी. सगळ्या दुकानांत मिळत नाही, मिळेल तिथून दोन बाटल्या घेऊन ठेवायला हरकत नाही, मुदत बघून.

मला मात्र मोसमापुरता रोज फेकायच्या लेन्सचा पर्याय अधिक सोपा वाटतो. आदल्या दिवसाचा थर नाही, डबी नाही, सोल्यूशन नाही. मृण्मयी, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात लेन्स, बाकी दिवस चष्मा, असं केलंत तर एका डोळ्यासाठी तीस लेन्सचं एक खोकं दहा आठवडे पुरतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला घेतलं की मार्च संपेपर्यंत आरामात जातं. आणि पुढच्या वर्षी थेंब खाज सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

मृण्मयी_सुदामानगर
तपासून आले. डॉक्टरांनी दोन्ही पापण्या उलटून पाहिल्या, वरच्या पापणीत बारीक दाणे आहेत, मोठे नाहीत, उजवीकडे जास्त. पिवळा रंग टाकून बुबुळ पाहिलं, व्रण नाही. प्रेशर उजवीकडे वरच्या मर्यादेपाशी आहे, म्हणून डेक्सामेथासोन बंद केलं आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. तीन आठवडे लेन्स पूर्ण बंद, ओलोपॅटाडीन ०.१ दिवसातून दोनदा, लागेल तेव्हा परिरक्षकविरहित कुपी, आणि दिवसातून तीनदा थंड पट्टी दहा मिनिटं. नंतर रोजच्या लेन्स.

रात्री झोपायच्या आधी केस ओल्या फडक्याने पुसायचे आणि उशीची खोळ दर दोन दिवसांनी बदलायची, असंही सांगितलं. पण तीन आठवडे म्हणजे नेमकं कसं ठरतं? दुसऱ्या एका डॉक्टरांनी मैत्रिणीला सहा आठवडे सांगितले होते.

वसुधा_ऑप्टो
प्रेशरची पुन्हा तपासणी अजिबात चुकवू नका, स्टेरॉइडने वाढलेलं असेल तर बहुतेकदा ते बंद केल्यावर खाली येतं, पण पाहावं लागतं.

आठवडे दाण्यांच्या आकारावरून आणि बुबुळाच्या स्थितीवरून ठरतात. बारीक दाण्यांना दोन ते चार आठवडे पुरतात, मोठे असले तर जास्त. दाणे पूर्ण सपाट व्हायला महिने लागतात, काहींचे राहूनही जातात, पण खाज आणि चिपडं थांबली आणि पापणीची लाली उतरली की पुन्हा लेन्स घालून बघता येते. सगळे तज्ज्ञ इथे एकमताचे नाहीत. मी स्वतः खाज थांबल्यावर आणखी एक आठवडा थांबायला सांगते. मैत्रिणीचे दाणे मोठे असतील, किंवा तिचे डॉक्टर माझ्यासारखे सावध असतील.

निनाद
चाचणीने कोणत्या झाडाची ॲलर्जी आहे ते कळेल ना?

मेडिकलवाला_दादा
त्वचेवरच्या टोचणीच्या चाचणीने कळू शकतं, पण ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि चाचणीत निघालेला पराग हाच तुमच्या डोळ्यांचा दोषी असेलच असं नाही. सुदामानगरमधलं झाड तोडता येत नाही, म्हणून बहुतेक जण चाचणी न करता मोसम सांभाळतात. सिव्हिअर असेल तर ॲलर्जी तज्ज्ञांकडे जा, तिथे बोलणं वेगळं होईल.

मृण्मयी_सुदामानगर
रोजच्या लेन्सचा एक प्रश्न राहिला. ऑफिसातून उशिरा निघाले तर संध्याकाळी काढून घरी परत तीच घालता येते का, दोन-तीन तासांसाठी?

वसुधा_ऑप्टो
नाही. काढली की फेका. ती साफ करून पुन्हा वापरायला बनवलेली नसते. उशीर होणार असेल तर पर्समध्ये चष्मा आणि एक जास्तीची जोडी ठेवा, आणि चष्म्याचा नंबर सध्याचाच आहे का ते आधी तपासा. लेन्सवाल्यांचे चष्मे बहुधा दोन-तीन वर्षं जुने असतात, म्हणून डोळा दुखला तरी लेन्स काढवत नाही.